प्रिन्सिपलना इंग्रजी पत्र: भाषांतर केंद्रातून करून घ्यावं, की कुणाच्या शेजारी बसून?

मुलाला शाळेत चिडवतात, त्याबद्दल लिहायचंय, मनातलं नीट उतरतं ते मराठीतच, आणि प्रिन्सिपलना मराठी वाचता येत नाही. पुण्यातल्या सीबीएसई शाळांच्या पालकांना ही अडचण ओळखीची आहे. पत्र आधी मराठीत लिहावं आणि मग त्याचं इंग्रजी करावं, हे मला आजही योग्य वाटतं. ते इंग्रजी कुणाकडून करून घ्यावं, हा खरा प्रश्न. माझं एकच पत्र दोन्ही वाटांनी गेलं. आधी भाषांतर केंद्राकडून, आणि काही दिवसांनी आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त इंग्रजीच्या शिक्षिकांसोबत बसून.

मजकूर साधा होता. मुलगा पाचवीत आहे, बोलताना अडखळतो. शाळेच्या बसमध्ये तो एखाद्या अक्षरावर अडकला की मागच्या सीटवरून ‘अटक-मटक’ सुरू होतं. आता ते त्याचं नावच पडलंय. तो सकाळी पोट दुखतं म्हणायला लागला, तेव्हा आम्हाला कळलं.

केंद्राच्या बाजूने बोलायचं तर काम चोख होतं. संध्याकाळी दिलेलं पत्र दुसऱ्या दिवशी टाइप होऊन आलं. विषय, संदर्भ, तारीख, परिच्छेद सगळं जागच्या जागी, व्याकरणात खोट नाही. ज्यांना वेळ नाही आणि घरची गोष्ट ओळखीच्या माणसापुढे उघडी करायची नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे. पुढे प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात जाणार असेल, तर शिक्का-सहीचं भाषांतर लागू शकतं. तेव्हा तिथेच जावं.

पण मला खटकलं ते एकच. त्या माणसाने मला एकही प्रश्न विचारला नाही. आणि मराठीत लिहिलेल्या अशा पत्राला प्रश्न विचारावेच लागतात, कारण आपण बरंच काही मोघम सोडलेलं असतं. मी लिहिलं होतं, ‘बसमध्ये त्याला रोज चिडवतात.’ कोण चिडवतं, हे वाक्यात नाही, आणि मराठीत ते खटकतही नाही. इंग्रजीत मात्र कर्ता द्यावा लागतो, नाहीतर वाक्याची रचना बदलावी लागते. केंद्राने कर्ता बसवला, ‘तुमच्या शाळेचे विद्यार्थी’. दोन-तीन पोरांची गोष्ट अख्ख्या शाळेवर गेली.

याहून महागात पडलं ते दुसरं वाक्य. ‘याचा त्याला मानसिक त्रास होतो आहे’ असं मी लिहिलं होतं. आपण घरात, ऑफिसात सहज म्हणतो तसं. त्याचं झालं ‘मेंटल हॅरॅसमेंट’. भाषांतर चुकीचं म्हणता येणार नाही, वर्तमानपत्रांतही असंच छापतात. पण शाळेच्या जगात या दोन शब्दांना वेगळं वजन आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17मध्ये शारीरिक शिक्षेच्या जोडीला नेमके हेच शब्द आहेत, आणि तिथे दोषी ठरणाऱ्या व्यक्तीवर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई सांगितली आहे. म्हणजे शाळेला ते वाचताना आपल्या शिक्षकांवरच आरोप झाल्यासारखं वाटतं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा प्रिन्सिपलनी त्या ओळीवर पेन ठेवून विचारलं की कोणत्या शिक्षकांनी काय केलं. वर्गशिक्षिका बिचाऱ्या समोर अवघडून बसल्या होत्या. त्यांच्याविरुद्ध आमचं काहीच म्हणणं नव्हतं. अर्धी भेट हे निस्तरण्यातच गेली.

‘अटक-मटक’चं काय झालं? ‘मुलं त्याच्यासमोर बडबडगीत म्हणतात’ अशा अर्थाचं वाक्य. ते वाचून कुणालाही वाटेल की यात रडण्यासारखं काय आहे. प्रिन्सिपलनाही तसंच वाटलं, आणि त्यांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही.

बाईंकडे काम सावकाश झालं. एक अख्खी संध्याकाळ गेली, चहा दोनदा झाला. त्यांचं इंग्रजी थोडं जुन्या वळणाचं आहे आणि पत्र केंद्राच्या पत्राइतकं रुबाबदार दिसत नव्हतं. शिवाय पोराची गोष्ट इमारतीत कुणाला तरी कळली, याचा संकोच राहतोच. पण त्या प्रत्येक वाक्यापाशी थांबायच्या. ‘रोज म्हणजे रोज? की आठवड्यातून तीन-चारदा?’ ‘हे तुम्ही पाहिलंत, की त्याने सांगितलं?’ ‘जाताना, की येताना?’ त्या प्रश्नांमुळे मला मुलाशी पुन्हा नीट बोलावं लागलं. मग वाक्य असं झालं: बहुतेक दिवशी, घरी येताना, त्याच्याच वर्गातली मागच्या सीटवर बसणारी दोन-तीन मुलं, असं तो सांगतो. ‘असं तो सांगतो’ हे त्यांनी हट्टाने ठेवलं. त्याने आपली बाजू कमकुवत होईल असं मला वाटलं होतं. उलट प्रिन्सिपलनी त्या वाक्यावर एकही शंका काढली नाही.

मानसिक त्रासाच्या जागी त्यांनी जे दिसतं तेच लिहिलं: सकाळी पोट दुखतं म्हणतो, बसने जायला नको म्हणतो, वर्गात हात वर करणं त्याने सोडलंय. ‘अटक-मटक’ तसंच इंग्रजी अक्षरांत ठेवलं आणि पुढे एका वाक्यात खुलासा केला की हे लहान मुलांच्या गाण्यातले शब्द असून, तो बोलताना अडकला की त्याला उद्देशून म्हटले जातात. याचा उपयोग लगेच दिसला. बसमधल्या मावशींना प्रिन्सिपलनी तो शब्द विचारल्यावर त्या म्हणाल्या, हो, ऐकते मी रोज, मला वाटलं खेळतात. भाषांतरित शब्द विचारला असता तर मावशींना काय कळणार होतं?

शेवटची विनंती बदलली तीही बाईंच्या प्रश्नामुळेच. ‘योग्य ती कारवाई करावी’ हे मराठी पत्राचं ठरलेलं शेपूट आहे. केंद्राने ते इमानाने उतरवलं होतं. बाईंनी विचारलं, ‘म्हणजे नेमकं काय हवंय तुम्हाला?’ आम्हाला हवं होतं ते एवढंच: त्याची सीट पुढे मावशींजवळ असावी, त्या मुलांशी वर्गासमोर नव्हे तर बाजूला घेऊन बोलावं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेटावं. तेच लिहिलं. त्याखाली सीबीएसईच्या मार्च 2015च्या परिपत्रकाचा एका ओळीत उल्लेख केला. शाळांनी अशा छळाविरुद्ध समिती नेमावी, असं त्यात सांगितलेलं आहे. तो उल्लेखही धमकीसारखा वाटू नये म्हणून बाईंनी विनंतीच्या नंतर, अगदी शेवटी ठेवला.

प्रत्येकाच्या ओळखीत अशा बाई असतीलच असं नाही, हे मान्य. नसतील तर केंद्रातच जा, पण कागद देऊन निघून येऊ नका. शेजारी बसा, कर्ता कोण ते सांगा, चिडवण्याचा शब्द तसाच ठेवायला सांगा, आणि तयार पत्रातलं प्रत्येक वाक्य परत मराठीत समजावून घ्या. भेटीत तुमच्यासमोर ठेवलं जाणार आहे ते इंग्रजी वाक्य, आणि त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागतो. पर्याय दोन्ही असतील, तर माझा कल बाईंकडे आहे.

कुठल्याही वाटेने गेलात तरी सही केलेलं मूळ मराठी पत्र सोबत जोडा, आणि इंग्रजीखाली एक ओळ लिहा की हे मराठीवरून केलेलं भाषांतर आहे, शंका आल्यास मूळ पाहावं. शाळेत मराठी जाणणारं कुणीतरी असतंच. दोन्ही पत्रांच्या प्रतींवर ऑफिसातून तारखेसह पोच घ्यायची राहू देऊ नका.