ब्रोकर निवडताना: तीन दरपत्रकं आणि तुमची ऑर्डर

शेअर खरेदीचा खर्च दोन भागांत बघावा. सरकारी कर आणि एक्सचेंजचे आकार सगळीकडे सारखेच असतात. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर घेऊन डिमॅटमध्ये ठेवण्याच्या व्यवहारात, खरेदीला आणि विक्रीला प्रत्येकी 0.1 टक्का एसटीटी हा व्यवहारावरचा कर, खरेदीवर 0.015 टक्का मुद्रांक शुल्क, शिवाय एक्सचेंजचा किरकोळ आकार. ऑक्टोबर 2024 पासून ब्रोकरला एक्सचेंजच्या आकारात स्वतःची भर घालता येत नाही. त्यामुळे फरक पडतो तो दलाली, डीपी चार्ज, वार्षिक शुल्क आणि व्याज यांत.

समजा, तुम्ही दरमहा 12,000 रुपये तीन कंपन्यांत, प्रत्येकी 4,000 असे गुंतवता. म्हणजे वर्षाला 36 ऑर्डरी. बाजारात आढळणाऱ्या तीन प्रकारच्या दरांवर जीएसटीसह दलाली अशी येते:

| दर | 36 ऑर्डरी | एकच 1 लाखाची ऑर्डर |
|---|---|---|
| डिलिव्हरी मोफत | 0 | 0 |
| ऑर्डरमागे 20 रुपये | 849.60 | 23.60 |
| बँकेचा ब्रोकर, 0.5 टक्का, किमान 25 रुपये | 1,062 | 590 |

मधली ओळ नीट बघा. 20 रुपये ऐकायला नगण्य वाटतात, पण 4,000 च्या ऑर्डरवर ते अर्धा टक्काच होतात, म्हणजे बँकेच्या दराइतकेच. लाखाच्या ऑर्डरला मात्र तोच ब्रोकर स्वस्त पडतो. म्हणून ‘डिस्काउंट ब्रोकर’ या शब्दावर न जाता आपली नेहमीची ऑर्डर केवढी असते ते आधी ठरवावं. बँकेचं थ्री-इन-वन खातं घेतलं की पैसे वळते करण्याची कटकट वाचते. ती सोय वर्षाला हजार रुपयांची आहे का, हे ज्याचं त्यानं बघावं.

दलाली मोफत असली तरी विक्रीला डीपी चार्ज लागतो. डिमॅटमधून शेअर बाहेर गेले की कंपनीमागे, दिवसामागे एकदा, साधारण 15 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 17.70. मग शेअर एक विका की हजार. 300 रुपयांचा एकच शेअर विकला तर जवळपास 6 टक्के तिथेच गेले. तीच कंपनी तीन दिवस थोडीथोडी विकली तर चार्ज तीनदा लागतो. विकायचं ठरलं असेल तर एकाच दिवशी विका.

सगळ्यात महाग पडतं ते एमटीएफ, म्हणजे ब्रोकरच्या उसन्या पैशांवरची खरेदी. काही अ‍ॅपमध्ये खरेदीच्या पानावर हा पर्याय ठळक दिसतो आणि चुकून निवडला जातो. 50,000 रुपये 15 टक्के व्याजानं 60 दिवस राहिले तर सुमारे 1,233 रुपये व्याज. पहिल्या खरेदीनंतर लगेच कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, आणि लेजर, म्हणजे ब्रोकरकडचा तुमच्या पैशांचा हिशेब, उघडून बघा. लेजरमध्ये रोजचं व्याज दिसलं तर समजा काय झालंय ते.

प्लॅटफॉर्म किती भरवशाचा हवा, हे तुम्ही काय करता त्यावर आहे. महिन्यातून एकदा घेणाऱ्याचं सकाळी 9:15 ला अ‍ॅप अडकलं तर फारसं बिघडत नाही. त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्या इंट्राडेवाल्याची पोझिशन, म्हणजे अर्धवट सौदा, मात्र उघडीच राहते. त्यानं ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा फोन आधी एकदा लावून बघावा. फोनवरच्या ऑर्डरला बऱ्याच ठिकाणी 50 रुपये जादा पडतात. ब्रोकरची यंत्रणाच ठप्प झाली तर एक्सचेंजांनी 2023 मध्ये आणलेल्या ‘इरा’ या सोयीतून पोझिशन बंद करता येते, पण नवी घेता येत नाही. तिची लिंक नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर येते, तेव्हा ते दोन्ही चालू हवेत.

विक्रीच्या वेळची अडचण वेगळीच असते. तुमचं डिमॅट सीडीएसएल या डिपॉझिटरीत असेल आणि डीडीपीआय, म्हणजे ब्रोकरला शेअर उचलण्याची कायमची परवानगी, दिलेली नसेल तर विकताना टी-पिन हा सीडीएसएलचा पिन आणि ओटीपी लागतो. बाजार कोसळताना ओटीपी उशिरा आला तर विक्री अडते. डीडीपीआय ऐच्छिक आहे. ते दिलं की विकलेले शेअर ब्रोकर थेट उचलतो. वारंवार विकणाऱ्यानं ते द्यावं, क्वचित विकणाऱ्याला टी-पिन पुरतो.

खातं उघडायला पॅन, आधार, बँकेचा तपशील, कोऱ्या कागदावरची सही आणि कॅमेऱ्यासमोरचा फोटो लागतो. शेवटी आधारच्या ओटीपीनं ई-साइन. अर्ज अडतो तो बहुधा दोन ठिकाणी: आधारला जुना मोबाइल जोडलेला असतो, किंवा नाव जुळत नाही. लग्नानंतर पॅनवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असेल तर आधी एक दुरुस्त करा, मगच अर्ज भरा. एफअँडओवर, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांवर, टिक केली तर उत्पन्नाचा पुरावा मागतात. गरज नसेल तर ती काढून टाका.

जुनं डिमॅट पडून असेल तर ते मात्र विसरू नका. सप्टेंबर 2024 पासून बीएसडीए, म्हणजे छोट्या गुंतवणूकदारांसाठीच्या साध्या डिमॅट खात्याला, 4 लाखांपर्यंतच्या शेअरवर वार्षिक शुल्क नाही, 4 ते 10 लाखांना 100 रुपये. पण एकटे किंवा पहिले धारक म्हणून तुमचं एकच डिमॅट असेल तरच ही सवलत मिळते. नव्या खात्याचा क्लायंट मास्टर रिपोर्ट, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद, जुन्या ब्रोकरला देऊन शेअर हलवायला आणि खातं बंद करायला सांगा. दोन खाती ठेवलीत तर वार्षिक शुल्क दोन्हीकडे चालू राहू शकतं.