चपलांच्या दुकानासाठी विक्रीच्या अंदाजाची शीट: दहा महिने वापरल्यानंतर

कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. मार्च २०२५ पासून एक्सेलमध्ये पुढच्या महिन्यांच्या विक्रीचा अंदाज काढतोय. शीट साधीच आहे. २०२२ ते २०२४ ची विक्री महिनावार, जीएसटी वगळून भरली. प्रत्येक महिन्याच्या तीन वर्षांच्या सरासरीला सगळ्या महिन्यांच्या सरासरीने भागलं, की त्या महिन्याचा निर्देशांक मिळतो. आमची सरासरी विक्री महिन्याला ४ लाख. जुलैचा निर्देशांक ०.४० आला, म्हणजे जुलैत १ लाख ६० हजारांचीच अपेक्षा धरायची.

पावसाळ्यात शीट मनापासून उपयोगी पडली. भाडं, तीन पोरांचे पगार, कर्जाचा हप्ता, लाईटबिल मिळून महिन्याचा बांधील खर्च १ लाख १० हजार आहे. शंभराच्या विक्रीत माल जाऊन हाती पस्तीस राहतात, म्हणून खर्च नुसता भागवायलाच ३ लाख १५ हजारांच्या आसपास विक्री लागते. जूनमध्ये १२ हजार, जुलैत ५४ हजार, ऑगस्टमध्ये ४० हजार कमी पडणार असं शीटने सांगितलं. एकूण १ लाख ६ हजार. मे महिन्यात सुट्टीची गर्दी असतानाच ते बाजूला काढले आणि प्रत्यक्षात तूट साधारण तेवढीच आली. आधीच्या वर्षांत हीच तूट व्यापाऱ्याच्या उधारीवर निघायची.

पण या १ लाख ६ हजारांवर विसंबू नका. पावसात कातडं नीट वाळत नाही, कारागिरांचं काम रेंगाळतं, त्यामुळे नवरात्राच्या मालाचा ॲडव्हान्स जुलैतच द्यावा लागतो. तो खर्च तोट्यात दिसत नाही, पण पैसे भर पावसाळ्यात जातात. त्यासाठी शीटमध्ये रोकडीचा वेगळा रकाना केला, तेव्हा कुठे खरा खड्डा दिसला.

शीट चुकली ती सप्टेंबरमध्ये. अंदाज होता पावणेतीन लाख, विक्री झाली ४ लाख ४० हजार. ऐकायला बरं वाटतं, पण अंदाजावर भरवसा ठेवून मी बराचसा माल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मागवला होता. ललिता पंचमीला, टेंबलाईच्या देवळात जाऊन आलेली गर्दी दुकानात उभी असताना, कापशी प्रकारातल्या चपलांचे आठ आणि नऊ नंबर संपले. सहा आणि अकराचे जोड तेवढे मांडणीवर. बायका पाय घालून बघायच्या आणि ‘पुढच्या दुकानात बघतो’ म्हणून निघायच्या. फार वाईट वाटलं.

चूक कुठे झाली ते रात्री बिलबुकं काढल्यावर कळलं. २०२२ मध्ये घटस्थापना २६ सप्टेंबरला होती, २०२३ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला. २०२५ मध्ये ती आली २२ सप्टेंबरला, म्हणजे नवरात्राचे नऊ दिवस सप्टेंबरात. शीटला इंग्रजी महिना कळतो, तिथी कळत नाही. एक्सेलचं तयार सूत्रही करून बघितलं:

```
=FORECAST.ETS(A38,B2:B37,A2:A37,12)
```

तेही बारा महिन्यांचं चक्र धरतं, त्यामुळे हीच अडचण.

आता नवरात्र आणि दिवाळीचे दिवस महिन्यातून वेगळे काढतो. सप्टेंबरच्या साध्या दिवसाची सरासरी ८ हजार, नवरात्रातल्या दिवसाची ३० हजार. एकवीस साधे दिवस आणि नऊ नवरात्राचे, मिळून ४ लाख ३८ हजार. मात्र ३० हजारांत २०२५ चेच दिवस जास्त आहेत, त्यामुळे आकडा जुळला यात नवल नाही, खरी परीक्षा २०२६ मध्ये. शिवाय २२ सप्टेंबरलाच अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी ५ टक्के झाला. सगळी वाढ नवरात्राच्या नावावर मांडणं मला पटत नाही.

२०२६ साठी हे लगेच कामाला आलं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. या काळात लग्नं नाहीत, म्हणून मेच्या उत्तरार्धातली लग्नाची खरेदी कमी धरली. अधिकामुळे घटस्थापना ११ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे सप्टेंबर पूर्ण कोरडा: तीस दिवस गुणिले ८ हजार, २ लाख ४० हजार. त्यातून हाती ८४ हजार, तूट २६ हजार. पावसाळ्याची शिल्लक आता १ लाख ६ हजारांऐवजी १ लाख ३२ हजार लागणार, तीही मे थोडा अशक्त असताना. मालाची तारीख मात्र सप्टेंबरअखेर ठेवली तरी चालेल.

एक उणीव अजून आहे. शीट विक्री मोजते, मागणी नाही. नंबर संपले त्या दिवशीचा आकडा कमी दिसतो आणि पुढच्या वर्षीचा अंदाजही तेवढाच खाली जातो. म्हणून गल्ल्याजवळ एक वही ठेवली आहे. माल नाही म्हणून गिऱ्हाईक परत गेलं, की पोरं प्रकार आणि नंबर लिहितात. दिवाळीच्या आठवड्यात त्यात एकेचाळीस नोंदी झाल्या, त्यातल्या सत्तावीस आठ आणि नऊ नंबरच्या. यंदाची ऑर्डर त्या वहीवरून देणार आहे.