पोस्ट सगळ्या ऑटोवर की आधी तुमचा ओके?

ताई नमस्कार, नौपाड्यातल्या दुकानाच्या पोस्ट १ तारखेपासून शेड्यूलवर टाकतोय, तुम्ही विचारलंत सगळंच ऑटो करूया का, तर दोन्ही बाजू सांगते.

मेहनत बघितली तर फुल ऑटो सोपं, महिन्याच्या पोस्ट मेटा बिझनेस सूटमध्ये एकदाच वेळ लावून ठेवल्या की झालं. दुसऱ्यात पोस्ट ड्राफ्टमध्ये थांबते, आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर तुमचा ओके आला की मगच वेळ लावायची, म्हणजे तुम्हाला रोज फोन बघावा लागणार.

पण धोका बघा ना. समजा संकष्टीला सकाळी ९ वाजताची "उकडीचे मोदक तयार आहेत, या" अशी पोस्ट लावलीय आणि रात्रभर पाऊस, ट्रॅकवर पाणी, कारागीर डोंबिवलीतच अडकलेत. शेड्यूलला हे कळत नाही, पोस्ट जाणारच, लोक भिजत येणार आणि कमेंटमध्ये चिडणार, नंतर डिलीट केली तरी स्क्रीनशॉट फिरतात. अशा दिवसांसाठी सकाळी ८ला मी स्वतः शेड्यूल बघून गरज पडली तर पोस्ट थांबवीन, कारण आदल्या दिवशीचा ओकेही इथे पुरत नाही.

तर मोदक कसे वळतात त्याचे व्हिडिओ, दुकानाच्या वेळा, यांना फुल ऑटो बिनधास्त चालेल. भाव, स्टॉक, ऑफर, ऑर्डरची शेवटची तारीख मात्र तुमच्या ओकेशिवाय नको, आणि तक्रारीला उत्तर तर माणसानेच द्यायचं.