भूल देण्याआधीच्या उपवासाचं मल्याळम पत्रक: वर्षभराच्या वापरानंतर

मी भूलतज्ज्ञ आहे. मूळची सांगलीची, पण नोकरी उत्तर केरळात. आमच्या रुग्णालयात ऑपरेशनआधीच्या सूचनांचा मल्याळम कागद पूर्वीपासून होता. इंग्रजीवरून नीट केलेलं भाषांतर, व्याकरणात चूक नाही. तरीही सकाळी कुणी दुधाचा चहा घेऊन यायचं, तर कुणी आदल्या संध्याकाळपासून घोटभर पाणीही न पिता, जीभ कोरडी पडलेली. पोट भरलेलं असताना भूल दिली तर अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून पहिल्याचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. दुसऱ्याचे उगीच हाल होतात. मग आम्ही कागद नव्याने लिहिला आणि तोच आता वर्षभर वापरतो आहोत. मुंबई, पुणे, नवी मुंबईतही मल्याळी पेशंट असतात, त्यामुळे तिथल्या कुणाला उपयोग होईल म्हणून हा अनुभव.

जुन्या कागदातला सगळ्यात मोठा घोळ तासांचा होता. मल्याळममध्ये ‘मणि’ म्हणजे वाजलेली वेळ आणि ‘मणिक्कूर’ म्हणजे तास. ‘आरु मणिक्कूर मुन्प’ म्हणजे सहा तास आधी, आणि ‘आरु मणिक्कु मुन्प’ म्हणजे सहा वाजण्याआधी. बारीक टायपात, चष्मा घरी राहिलेल्या माणसाला ही दोन वाक्यं एकसारखीच दिसतात. आठच्या ऑपरेशनला ‘सहा वाजण्याआधी खाऊन घ्या’ असं वाचलं गेलं, की पेशंट साडेपाचला पुट्टु-कडला खाऊन हजर. उलटभाषांतर करून, म्हणजे मल्याळम मजकूर परत इंग्रजीत आणून, हा दोष सापडत नाही, कारण वाक्य बरोबरच असतं आणि ते तपासणारा माणूस शांतपणे, खुर्चीत बसून वाचत असतो. आम्हाला तो सापडला तो कागद वॉर्डातल्या नातेवाइकांच्या हातात देऊन, ‘मग शेवटचं जेवण किती वाजता?’ असं विचारल्यावर.

त्यामुळे नव्या कागदावर ‘इतके तास आधी’ हा शब्दप्रयोगच नाही. हिशेब आमचा, पेशंटला फक्त वार आणि घड्याळाची वेळ. हिशेबाचा आधार नेहमीचाच: दूध न घातलेलं, आरपार दिसणारं पातळ पेय २ तास, हलकं खाणं आणि गाईचं दूध ६ तास, तळलेलं किंवा मटण-चिकनचं जेवण ८ तास. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचं दूध ४ तास.

एक उदाहरण सांगते. बुधवारी दुपारी १ वाजता एका बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन लागलेलं होतं. त्यांच्या आधी एक लांबलचक केस होती. ती रद्द झाली असती तर त्यांना ११ वाजताच आत घ्यावं लागलं असतं. म्हणून १ पासून नाही, ११ पासून मागे मोजलं. हलकं खाणं पहाटे ५ पर्यंत, पाणी ९ पर्यंत. कागदावर असं लिहिलं: ‘बुधनाळ्च, पुलर्च्चे ५ मणि: दोन इडली, चटणी नको. त्यानंतर खाणं नाही.’ त्याखाली ‘बुधनाळ्च, राविले ९ मणि: शेवटचं पाणी.’ पुढे यादी खरंच लांबली, तेव्हा नर्सने थिएटरला फोन करून विचारलं आणि बाईंना साडेदहाला आणखी एक पेला पाणी दिलं. ऑपरेशन लांबलं तर पाणी परत सुरू करण्याची ही सोय कागदापेक्षा वॉर्डाच्या सवयीत बसवावी लागते.

रात्रीचे १२ आम्ही कुठेच लिहीत नाही. ‘बुधवारी रात्री १२ पासून काही नाही’ म्हटलं की अर्धी माणसं बुधवार संपतानाची रात्र धरतात, म्हणजे ऑपरेशन होऊन गेल्यावरची. सकाळी आठच्या केसला आम्ही सरळ ‘मंगळवार, रात्री १०’ लिहितो. ‘रात्रीचं जेवण’ असंही मोघम लिहीत नाही. ‘अत्ताळम’ म्हणजे एरवी रात्रीचं जेवण, पण मलबारातल्या मुस्लिम घरांत रमजानात पहाटेच्या, उपवास धरण्याआधीच्या जेवणालाही अत्ताळम म्हणतात. ‘अत्ताळम झाल्यावर काही खाऊ नका’ हे वाक्य तिथे पहाटे साडेचारला जेवायची परवानगी ठरतं.

औषधांच्या ओळीने मला सगळ्यात जास्त छळलं. ‘कळिक्कुक’ हे क्रियापद जेवणालाही लागतं आणि गोळी घेण्यालाही. ‘ओन्नुम कळिक्करुत्’, म्हणजे काहीही घेऊ नका, असं वाचून लोक रक्तदाबाची गोळीही सोडायचे. आता गोळ्यांना वेगळी चौकट आहे आणि ती डॉक्टरच भरतात, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, तर काही आदल्या दिवसापासून थांबवायच्या. मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या तर तीन-चार दिवस आधीच बंद कराव्या लागतात. हे आदल्या रात्री हातात येणाऱ्या कागदाच्या आवाक्यातलं नाही. भूलपूर्व तपासणीच्या दिवशीच ही चौकट भरली पाहिजे. आमच्याकडे अजूनही ती कधी कधी रिकामी सुटते, आणि या कागदाबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे.

पेयांची यादी करताना पुस्तकातला ‘स्वच्छ द्रव’ उपयोगाचा नव्हता, घराघरांत पितात त्या गोष्टींची नावंच लिहावी लागली. चालेल: उकळून गाळलेलं पाणी, जिऱ्याचं पाणी किंवा पतिमुख नावाचं लाकूड घालून उकळलेलं गुलाबी पाणी, कट्टन चाया म्हणजे बिनदुधाचा चहा. चालणार नाही: दुधाचा चहा, ताक, कंजी, आणि कंजीवेळ्ळम म्हणजे आपली भाताची पेज. पेजेवर केरळात फार विश्वास, पेशंटच्या लेखी ती पाण्यातच जमा, पण ती पिठूळ असते आणि तळाशी शितं असतात. शहाळं आम्ही ‘नाही’च्या बाजूला ठेवलं, कारण पाणी संपलं की माणूस मलई खरवडतोच. ‘नुसतं पाणी’ यासाठी आधी ‘पच्चवेळ्ळम’ सुचवलं गेलं होतं. पण त्याचा अर्थ न उकळलेलं पाणीही होतो, आणि इथे बरीच घरं उकळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. म्हातारी माणसं ते न पिता तहानलेली बसली असती.

मात्र नुसता कागद देऊन मी कधीच समाधान मानत नाही. संध्याकाळी नर्स चौकटीवर बोट ठेवून विचारते, ‘अम्मे, नाळे राविले अंजु मणिक्कु एंदु कुडिक्काम?’ उद्या सकाळी पाचला काय प्यायचं, एवढाच प्रश्न. ‘समजलं का’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. या प्रश्नाला ‘चाया’ असं उत्तर आलं की लगेच ‘पालु?’, दूध घालून का, हे विचारायचं. तिथेच निम्मा गोंधळ उघड होतो. नातेवाईक असेल तर त्यालाही विचारायचं, कारण पहाटे फ्लास्क भरून आणणारा तोच असतो. थिएटरच्या दारात उत्तर संशयास्पद वाटलं, तर पोटाची सोनोग्राफी करून जठरात घन अन्न आहे का ते पाहता येतं. आम्ही ती मोजक्या वेळी करतो.

फरक पडला का? दुधाच्या चह्यामुळे पुढे ढकललेल्या केसेस आता क्वचितच दिसतात. त्याहून मला जाणवतं ते हे की सकाळी येणारी माणसं कोरडी, चिडलेली नसतात. तातडीच्या ऑपरेशनला हा कागद निरुपयोगी आहे. अपघात किंवा आतड्याला पीळ पडलेला असेल तर तास मोजून पोट रिकामं धरता येत नाही.

महाराष्ट्रात वापरणार असाल तर एक अडचण येईल. वार आणि वेळ भरणारी नर्स मल्याळम लिहिणारी असेलच असं नाही. म्हणून सातही वार आणि ‘रात्रि, पुलर्च्चे, राविले, उच्च’, म्हणजे रात्र, पहाट, सकाळ, दुपार, हे शब्द मल्याळममध्ये आधीच छापून ठेवा, नर्सने फक्त गोल करायचा. वेळेचा आकडा मात्र इंग्रजी अंकांत लिहा, केरळात तेच चालतात. देवनागरी आकडे तिथल्या आजी-आजोबांना वाचता येतीलच असं नाही.