पट्टा चामड्याचा की रेक्झिनचा? फोटोत काय पाहायचं

भाच्याने दोन पट्ट्यांचे अगदी जवळून काढलेले फोटो पाठवले. "मामा, यातला खरा चामड्याचा कोणता?"

आधी दाणा, म्हणजे पृष्ठभागाची नैसर्गिक किंवा उमटवलेली नक्षी, पाहिली. पहिल्यावर बारीक छिद्रं कुठे दाट, कुठे विरळ होती, शिवाय एक जुना ओरखडा. दुसऱ्यावर एकच सुरकुती ठरावीक अंतरावर तशीच्या तशी परत येत होती, म्हणजे तो यंत्राच्या रुळाने उमटवलेला ठसा. पण एवढ्यावर निकाल देऊ नये. खऱ्या चामड्याचाही वरचा थर घासून त्यावर असा ठसा उमटवतात.

म्हणून माझा भरवसा कडेवर जास्त. चामड्याच्या कापात गुंतलेले तंतू दिसतात, वर घट्ट आणि खाली मोकळे होत गेलेले. रेक्झिनमध्ये प्लास्टिकचा गुळगुळीत पापुद्रा वेगळा आणि त्याखालची कापडाची वीण वेगळी. इथे दोन्ही कडा रंगवलेल्या होत्या, तेव्हा बकलच्या भोकांचा फोटो मागवला. दुसऱ्याच्या भोकातून पांढरे दोरे डोकावत होते.

रोज वापरून वर्षानुवर्षं टिकवायचा असेल तर पहिला घे, असं त्याला सांगितलं. पावसात भिजणार असेल किंवा चार समारंभांपुरता हवा असेल, तर दुसरा चालेल. फक्त वाकण्याच्या जागी त्याचा पापुद्रा सुटणार, हे धरून चाल.