फ्लॅटच्या स्नॅग लिस्टचे नऊ महिने: ६१ नोंदी आणि एक खिडकी

कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढे घेतलेल्या फ्लॅटचा ताबा आम्हाला मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळाला. किल्ली हातात घेण्याआधी दोन शनिवार घालवून आम्ही खोलीवार स्नॅग लिस्ट केली, म्हणजे राहिलेल्या कामांची आणि दोषांची यादी. आता डिसेंबर आहे. ती यादी नऊ महिने वापरून झाली, तिचा उपयोग कुठे झाला आणि कुठे आम्हीच फसलो, ते लिहितोय.

यादी मोबाइलवरच्या एक्सेल शीटमध्ये होती. नोंद क्रमांक, खोली, नेमकी जागा, काम, फोटो, सांगितल्याची तारीख, झाल्याची तारीख, असे रकाने. पद्धत आमच्या आबांची. त्यांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, कास्टिंगच्या इन्स्पेक्शनला गेली. घर बघतानाही ते नोकरीवरच होते. खोलीत शिरलं की दारापासून सुरुवात, भिंती डाव्या हाताने प्रदक्षिणा घातल्यासारख्या एकामागून एक, मग छत, शेवटी फरशी. मध्येच "अरे ते बघ तिकडं" असं कुणी म्हटलं की आबा हात वर करून थांबवायचे. त्यामुळे आमच्याकडून भिंत अशी एकही सुटली नाही.

हत्यारं साधी होती. एक रुपयाचं नाणं, टॉर्च, बादली, मोबाइलचा चार्जर, पेन्सिल आणि मास्किंग टेपचा रोल. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरली की गिलाव्यातले उंचवटे आणि रंगाचे पट्टे सावलीसकट दिसतात, समोरून मारली तर काहीच दिसत नाही. प्रत्येक दोषाशेजारी आम्ही टेपचा तुकडा लावून त्यावर नोंद क्रमांक लिहिला होता. पेंटरने दुसऱ्या हाताला त्यातल्या चार तुकड्यांवरूनच रोलर फिरवला. आजही हॉलच्या कोपऱ्यात रंगाखाली १४ वाचता येतो.

फरशीचं सांगायचं तर, नाण्याने टकटक केल्यावर जिथे बोदा आवाज येतो तिथे खाली माल पोचलेला नसतो. आमच्या हॉलमध्ये अशा ११ फरश्या निघाल्या, बहुतेक कोपऱ्यात पोकळ. आबांनी पेन्सिलने पोकळ भागाची हद्दच आखून ठेवली. अर्ध्याहून जास्त पोकळ असलेल्या चार बदलून घेतल्या, उरलेल्या सात नुसत्या नोंदवून सोडल्या. कारण एक फरशी उखडताना शेजारची हलते, आणि नव्या खोक्यातल्या फरशीची छटा जुळेलच असं नसतं. खोक्यावर बॅच आणि शेड क्रमांक छापलेला असतो, तो आधी बघून घ्या. आमच्या चारपैकी एक फरशी संध्याकाळच्या उन्हात अजून वेगळी दिसते. त्यावर सोफा ठेवलाय.

विजेचं काम लवकर उरकलं. मीटरनंतरच्या बोर्डात गळती पकडणाऱ्या स्विचला एक छोटं टेस्टचं बटण असतं. ते दाबल्यावर स्विच पडायला हवा. आमचा ढिम्म हलला नाही. वायरमनने त्याच दिवशी बदलून दिला.

आता मूळ गोष्ट, नोंद क्रमांक २७.

बेडरूमची पश्चिमेची खिडकी, ॲल्युमिनियमची सरकती. मार्चमध्ये खालची चौकट आणि ग्रॅनाइटची पट्टी यांच्यात आतल्या बाजूने बारीक फट दिसली. मी यादीत लिहिलं, "खिडकीच्या खाली सिलिकॉन मारणे." आठ दिवसांत माणूस आला, त्याने सिलिकॉन मारलं, सुपरवायझरने फोटो पाठवला, मी झाल्याची तारीख टाकली. तेव्हा ऊन तापत होतं. त्या खिडकीत पाणी येतं का, हे बघायचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस वाऱ्यासकट पश्चिमेकडून लागला, आणि खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्याखाली तळहाताएवढी ओल दिसली. जुलैच्या मध्यापर्यंत ती हातभर खाली उतरली, रंगाचे पोपडे सुटले, कडेला पांढरे क्षार धरले. सुपरवायझरला बोलावलं. तो बघून म्हणाला, "सिलिकॉन मारलंय की साहेब. यादीत तेवढंच होतं."

त्याचं खरं होतं. मी दोष लिहिलाच नव्हता. मी परस्पर औषध लिहून दिलं होतं, आणि त्याने ते दिलं.

पुढच्या उघडिपीला आबांनी खिडकी तपासायला घेतली. त्यांचा हट्ट एकच, पाणी खालून वर जात तपासायचं. वरून ओतलं तर ओघळ सगळीकडून जातो आणि शिरला कुठून ते कळत नाही. म्हणून आधी बाहेरच्या ग्रॅनाइटच्या पट्टीवर एक तांब्या पाणी सावकाश सोडलं. ते बाहेर ओघळायच्या ऐवजी चौकटीकडे आलं आणि तिथेच साचून राहिलं. स्पिरिट लेव्हल ठेवली तर बुडबुडा बाहेरच्या बाजूला सरकलेला, म्हणजे बाहेरची कड उंच आणि ढाळ आत. पट्टी बसवणाऱ्याने उलटा ढाळ धरला होता. पाच मिनिटांनी आत ओलीच्या जागी बोट लावलं तर गार लागलं.

ते पुसून कोरडं केल्यावर दुसरी पायरी, ट्रॅक. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी येतंच, ते अडवायचं नसतं. बाहेरच्या अंगाला लहान आडवी भोकं ठेवलेली असतात, त्यातून ते बाहेर पडायला हवं. आबांनी ट्रॅकमध्ये अर्धा तांब्या ओतला आणि घड्याळ बघितलं. एक मिनिट झालं, पाणी जागचं हललं नाही. अजून थोडं ओतल्यावर ट्रॅकची आतली कड ओलांडून खोलीत आलं. मी गॅलरीतून वाकून बाहेरच्या भोकांचा मोबाइलवर फोटो काढला. दोन भोकांपैकी एक सिमेंट आणि रंगाने बुजलेलं. दुसऱ्यावर स्वच्छ, चकचकीत सिलिकॉन. मार्चमधल्या माणसाने आतली फट भरून झाल्यावर उरलेली ट्यूब बाहेरूनही फिरवली होती. म्हणजे माझ्या यादीतल्या नोंदीनेच पाणी जायची वाट बंद केली होती.

भोकं तारेने मोकळी केली. नंतर ट्रॅकमधलं पाणी काही सेकंदांत बाहेर गेलं. ट्रॅकवरून आत येणारं पाणी थांबलं, पण पुढच्या पावसात भिंतीतली ओल थोडी वाढलीच, कारण पट्टीचा ढाळ अजून आतच होता. एका ओलीला दोन कारणं असू शकतात. पहिलं सापडल्यावर थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो.

त्या दिवशी मी शीटमध्ये दोन बदल केले. "काम" हा रकाना काढून तिथे "काय दिसतं" केला. आणि नवा रकाना जोडला, "कसं तपासणार". नोंद २७ नव्याने अशी लिहिली: "बेडरूम, पश्चिमेची खिडकी, डावा खालचा कोपरा. खाली हातभर ओल, पोपडे. पट्टीवर एक तांब्या पाणी ओतल्यास ते बाहेर जावे, चौकटीकडे येऊ नये. ट्रॅकमधील पाणी बाहेर जावे, आत येऊ नये." उपाय काय करायचा ते त्यांचं त्यांनी ठरवावं. ही भाषा आल्यावर सुपरवायझरशी वादच कमी झाला. तो यायचा, तांब्या मागायचा, ओतून बघायचा.

तोपर्यंत सगळं फोन आणि व्हॉट्सॲपवर चाललं होतं. "करून देतो की, पळून चाललोय काय?" हे वाक्य जुलैभर ऐकलं. शेवटी सगळी शीट फोटोंसकट बिल्डरच्या ऑफिसला ईमेल केली आणि त्यात रेरा कायद्याच्या कलम १४(३) चा उल्लेख केला. २०१६ च्या या कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेतला, कामाच्या दर्जातला किंवा सोयींमधला दोष लक्षात आणून दिला, तर तो जादा पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करून द्यायची जबाबदारी बिल्डरची असते. भांडायचा स्वर मी ठेवला नव्हता. पण तारखेसकट लेखी गेल्यावर आठवड्याभरात इंजिनिअर स्वतः आला.

दुरुस्तीसाठी पाऊस ओसरायची वाट बघावी लागली. सप्टेंबरअखेर पट्टी उखडून खालचा माल साफ केला, वॉटरप्रूफिंग केलं, पट्टी बाहेर ढाळ देऊन पुन्हा बसवली, आणि बाहेरचा सांधा भोकं मोकळी ठेवून सिलिकॉनने भरला. रंगाची घाई मात्र त्यांनी केलीच. ओल्या भिंतीवर पुट्टी ओढली आणि दहा दिवसांत ती फुगली. ती खरवडून भिंत महिनाभर उघडी ठेवली, तेव्हा कुठे रंग टिकला.

यादीबद्दलच्या तक्रारी दोन. पहिली माझीच चूक. ६१ पैकी ३४ नोंदी नुसत्या दिसण्याच्या होत्या, केसाएवढ्या भेगा, रंगाचे डाग, दाराच्या पॉलिशचा ओरखडा. त्या गर्दीत पाण्याच्या आणि विजेच्या नोंदी हरवल्या, आणि सुपरवायझरने साहजिकच सोपी कामं आधी उरकून "चाळीस झाली की साहेब" असा आकडा दाखवला. पाणी, वीज आणि दिसणं असे तीन वेगळे गठ्ठे करून पाण्याचा गठ्ठा वर ठेवायला हवा होता.

दुसरी वेळेची. आम्ही एप्रिलमध्येच सुताराला लावलं. मे महिन्यात बाथरूमच्या दाराची ग्रॅनाइटची चौकट कोपऱ्यात तडकलेली दिसली. बिल्डरचं म्हणणं सुताराने ठोकलं, सुताराचं म्हणणं आधीचंच होतं. यादीत त्या कोपऱ्याचा फोटो नव्हता, कारण तेव्हा तिथे दोष नव्हता. आता कुणी विचारलं तर सांगतो, चांगल्या जागांचेही फोटो काढा, निदान चौकटी, ओटा आणि बाथरूमच्या फरशीचे. ती नोंद आम्ही सोडून दिली.

ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात नोंद २७ ची भिंत कोरडी राहिली. परवा सुपरवायझरचा फोन आला, "साहेब, यादी बंद करून सही देता काय?" बाकीच्या नोंदींवर सही दिली. या एकीच्या "झाल्याची तारीख" रकान्यात आबांनी तारीख टाकू दिली नाही. परतीचा पाऊस बहुतेक पूर्वेकडून आला होता, खिडकी पश्चिमेला आहे, असं त्यांचं म्हणणं. तो रकाना जुलैपर्यंत रिकामा राहील.