सराव लॅपटॉपवर की वायरच्या कीबोर्डवर?

इंग्रजीची आयईएल्टीएस परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची ठरवली, तेव्हा लॅपटॉपच्या चपट्या कीज सोडाव्यात की नाही, यावर मी पंधरा दिवस घोळ घातला. शेवटी नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला जाऊन साधा वायरचा कीबोर्ड आणला. तरी लॅपटॉपची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही.

लॅपटॉपवर माझा वेग मिनिटाला ४१ शब्द, नव्या कीबोर्डवर ३४. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण टास्क २ मध्ये, म्हणजे लेखनाच्या निबंधात, किमान २५० शब्द लागतात. मी साधारण २८० लिहितो. ४१ च्या वेगाने ते नुसते बडवायला सात मिनिटं, ३४ ने सव्वाआठ. टास्क २ ला साधारण चाळीस मिनिटं ठेवायची असतात, त्यात सव्वा मिनिटाने काय बिघडतं? खरा वेळ वाक्य सुचण्यातच जातो. सरकारी टायपिंग परीक्षेची मिनिटाला ३० शब्दांची तयारी केलेल्याने वेगाची काळजी सोडावी, असं मला वाटतं.

मला नडला तो स्पेसबार. क्लासच्या सराव परीक्षेत उंच कीजचा जुना कीबोर्ड होता. लॅपटॉपवर अंगठा नुसता टेकला तरी जागा सुटते. इथे कडेला हलका दाब पडला की बार हलायचा, पण स्पेस पडायची नाही. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा पडद्यावर खाली शब्दांचा काउंटर २४१ दाखवत होता. घाबरून मी एक ओढूनताणून वाक्य जोडलं. नंतर वाचलं तर inthe, ofthe, isnot अशा अकरा जोड्या चिकटलेल्या. काउंटर मधली मोकळी जागा बघून मोजतो, त्यामुळे प्रत्येक जोडी एकच शब्द धरली गेली होती. म्हणजे २५२ शब्द आधीच झाले होते! वर स्पेलिंगच्या अकरा चुका, त्या वेगळ्याच. परीक्षेच्या पडद्यावर स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही, त्यामुळे लिहिताना एकही दिसली नव्हती.

मग घरी, इंदिरानगरात, रोज एक निबंध वायरच्या कीबोर्डवर. वर्डऐवजी नोटपॅड. विंडोज ११ च्या नोटपॅडमध्येही आता स्पेलिंग तपासणी आणि आपोआप दुरुस्ती आली आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन दोन्ही बंद केल्या, नाहीतर सराव फुकट. आकडा मात्र परिच्छेद संपल्यावरच, मजकूर वर्डमध्ये चिकटवून बघायचो. अंदाजापेक्षा आठ-दहाने कमी आला, की आधी चिकटलेले शब्द शोधायचे, मगच नवं वाक्य. तिसऱ्या आठवड्यात अशा जोड्या निबंधामागे एक-दोनवर आल्या.

तुमच्या केंद्रावर कीबोर्ड कसा असेल, मी छातीठोक सांगू शकत नाही. लॅपटॉपवर हात पक्का बसलेला असेल आणि परीक्षा चार दिवसांवर असेल, तर बदलू नका. महिना हातात असेल, तर मी वायरचाच घेईन. माझा अजून टेबलावर आहे, लॅपटॉपचं झाकण मी क्वचितच उघडतो.